झिजलेल्या पेन्सिलीच्या आवाजात कविता कशी लिहायची: सातवीच्या गृहपाठासाठी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत

माझी भाची सातवीत आहे. मराठीच्या सर्जनशील लेखनात तिला विषय मिळाला, "झिजलेली पेन्सिल बोलतेय, असं समजून कविता लिहा", ओळी पंधरा ते पंचवीस, यमक पाहिजेच असं नाही. तिने रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटात चार ओळी खरडल्या आणि मला दाखवल्या:

मी एक पेन्सिल बोलतेय
रोज तुझ्यासाठी झिजतेय
चंदनासारखा माझा देह
तुझ्यावर माझा खूप स्नेह

मग पुढे काही सुचेना म्हणून अडकली. आणि अडकणारच होती, कारण या चार ओळींत पेन्सिल कुठेच नाहीये. मी तिला एकच गोष्ट करायला सांगितली, यातला पेन्सिल शब्द काढ आणि तिथे खडू टाक. मग मेणबत्ती टाक. मग साबण टाक. प्रत्येक वेळी कविता जशीच्या तशी चालली, खडू आणि साबणासाठी फक्त "बोलतेय-झिजतेय"चं "बोलतोय-झिजतोय" करावं लागलं. ही कसोटी लक्षात ठेवा, मी तिला खडूची कसोटी म्हणते, खाली ती परत परत लागणार आहे. ज्या ओळीत पेन्सिलच्या जागी खडू चालतो ती ओळ अजून लिहून झालेली नाही एवढं साधं आहे.

आम्ही दोघींनी मिळून ती कविता दोन संध्याकाळी बसून केली, कशी केली ते क्रमाने सांगते, म्हणजे तुमच्या घरी हाच विषय आला तर तुम्हाला वापरता येईल. कविता तिची आहे, मी फक्त प्रश्न विचारले, आणि ते फार महत्त्वाचं आहे, त्याबद्दल पुढे बोलते.

आधी हे कळू द्या की हा आत्मवृत्ताचा निबंध नाही

मुलांना "पेन्सिलीचे आत्मवृत्त" किंवा "मनोगत" लिहायची सवय असते. त्याचा साचा ठरलेला, माझा जन्म कारखान्यात झाला, मग मी दुकानात आले, मग तू मला विकत घेतलंस, मग मी झिजले, आता माझा अंत जवळ आलाय. निबंधात हे ठीक आहे, तिथे जन्मापासून शेवटपर्यंत सगळं सांगायचंच असतं. पण तोच निबंध एंटर मारून मारून ओळींत तोडला तर कविता होत नाही. कवितेला पेन्सिलीचं पूर्ण आयुष्य नको असतं, एक क्षण पुरतो. पेन्सिल आत्ता, या मिनिटाला, कुणाशी तरी, काहीतरी कारणाने बोलतेय, आणि तेवढं बोलून गप्प होणार आहे. वीस ओळींत त्यापेक्षा जास्त मावत नाही, कोंबलं की सगळंच पातळ होतं.

वस्तूला माणसासारखं बोलायला लावणं याला आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात चेतनगुणोक्ती अलंकार म्हणतात. मुलांना व्याख्या पाठ असते, पण कविता लिहिताना तो अलंकार आहे हे विसरलेलंच बरं. नाहीतर पेन्सिल अगदीच माणूस होऊन जाते, रडते काय, हसते काय, देवाला हात काय जोडते. पेन्सिलीला हात नाहीत.

खरी पेन्सिल हातात घ्या, दहा मिनिटं

डोळे मिटून पेन्सिलची कल्पना करू नका. कंपासपेटीतली सगळ्यात आखूड पेन्सिल काढा, पट्टी घ्या, कागद घ्या आणि जे दिसतं ते लिहा. छान वाक्यं नकोत, नुसती टिपणं. भाचीने लिहिलेली यादी अशी होती:

लांबी सहा सेंटिमीटर. मागच्या टोकाला दातांच्या खुणा, चार. जिथे बोटं धरतात तिथला रंग गेलाय, लाकूड दिसतंय आणि ते काळपट झालंय. सोनेरी अक्षरांतली शेवटची दोनच शिल्लक. एक कडा चेपलेली. टोक नाहीये, तिथे भोक आहे.

शेवटच्या टिपणावर मी थांबले. भोक म्हणजे काय? तर तिने दाखवलं, टोक काढलं की ते लगेच गळून पडतं, आणि लाकडाच्या मधोमध पोकळ नळीसारखी जागा राहते. तिने परत शार्पनर फिरवला, छान टोक आलं, कागदावर टेकवलं आणि अर्ध्या सेंटिमीटरचा काळा तुकडा सुटून बाहेर. "ही पेन्सिल अशीच आहे मावशी, फालतू आहे, म्हणून तर एवढी झिजली."

इथे मला जे माहीत होतं ते मी तिला सांगितलं, आणि कविता खरं तर तिथेच सापडली.

पेन्सिलच्या आत जी काळी कांडी असते तिला आपण शिसं म्हणतो, पण त्यात शिसं हा धातू अजिबात नसतो. ते ग्रॅफाइट आणि चिकणमातीचं भाजलेलं मिश्रण असतं, हे मिश्रण करायची युक्ती 1795 मध्ये निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसाने शोधली. माती असल्यामुळे कांडी टणक होते पण ठिसूळही होते, खडूसारखी कट्टकन तुटते. पेन्सिल टेबलावरून फरशीवर पडली की बाहेरच्या लाकडाला काही होत नाही, ते धक्का सहन करतं, पण आतली कांडी दोन-तीन ठिकाणी तुटू शकते. बाहेरून बघितलं तर पेन्सिल अगदी धडधाकट. कळतं कधी, तर टोक काढताना. शार्पनर तुटलेल्या जागेपर्यंत पोचला की पुढच्या तुकड्याला मागून धरायला काही राहत नाही, तो सुटतो. मग आपण परत टोक काढतो, परत पुढचा तुकडा सुटतो, आणि अशा प्रकारे न लिहिताच पेन्सिल बोटभर होऊन जाते.

मी विचारलं, ही कधी पडली होती का? ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, हो, चाचणीच्या दिवशी बाकावरून घरंगळली होती.

बास. हे खडूच्या कसोटीला उतरतं. खडू तुटला की दिसतो. मेणबत्ती आतून तीन ठिकाणी तुटून बाहेरून आख्खी दिसत नाही. ही गोष्ट फक्त पेन्सिलचीच आहे, आणि त्यातही फक्त या पेन्सिलची.

(एक खबरदारी. टोक गळण्याचं कारण नेहमी हेच असेल असं नाही. शार्पनरचं पातं बोथट असेल तर टोक चुरचुरत तुटतं, बारीक कण पडतात, लाकूडही फाटल्यासारखं खरबरीत दिसतं. आतून तुटलेली असेल तर अख्खा तुकडा सरळ सुटून येतो आणि मागे स्वच्छ भोक राहतं. मुलाने खरंच काय होतंय ते बघून मगच लिहावं, कारण चुकीच्या कारणावर उभारलेली कविता पुढे तपशिलात अडखळते.)

पेन्सिलला काय माहीत आहे आणि काय नाही

हा भाग बहुतेक जण सोडून देतात आणि मग आवाज बिघडतो. पेन्सिलला डोळे नाहीत. तिला वर्गातला फळा दिसत नाही, बाईंची साडी दिसत नाही, खिडकीबाहेरचा पाऊस दिसत नाही. तिला कळतं ते स्पर्शाने. बोटांचा घाम, दाब किती आहे, कागद गुळगुळीत की खरखरीत, दात, पात्याची धार, कंपासपेटीतला अंधार आणि शेजारी टोचणारं कर्कटक. ऐकू येतं असं आपण मानून चालू, कारण ऐकूच आलं नाही तर ती बोलणार कुणाशी.

ही मर्यादा पाळली की आवाज आपोआप वेगळा होतो, मुद्दाम काही करावं लागत नाही. "तू परीक्षेत घाबरली होतीस" हे कुणीही म्हणेल, पण "त्या दिवशी तुझी बोटं ओली होती, तू मला नेहमीपेक्षा घट्ट धरलंस" हे पेन्सिलच म्हणू शकते.

आणि आवाजाचा दुसरा खांब म्हणजे व्याकरण. पेन्सिल मराठीत स्त्रीलिंगी, त्यामुळे ती म्हणणार "मी पडले, मी झिजले, मी उरलेय". मुलगा लिहीत असेल तर तिसऱ्या-चौथ्या ओळीला नकळत "मी पडलो" येतं कारण तो स्वतःच्या तोंडून बोलायला लागतो. लिहून झाल्यावर फक्त क्रियापदांवरून एकदा बोट फिरवा, सगळी एका लिंगात आहेत ना एवढंच बघायला. तसंच ज्याच्याशी बोलतेय त्याचं, मुलगी असेल तर "काढायचीस", मुलगा असेल तर "काढायचास". हे अर्ध्यात बदललं की वाचणाऱ्याला कळत नाही बोलतंय कोण आणि ऐकतंय कोण.

कोणाशी, कधी, कशासाठी

हे तीन प्रश्न कागदावर लिहून त्यांची एकेक ओळीत उत्तरं काढायची, मगच कविता सुरू करायची. भाचीची पहिली उत्तरं होती, सगळ्यांशी, रात्री, आभार मानायला. मी म्हटलं सगळ्यांशी बोलणारी पेन्सिल भाषण करते, एकाशी बोलणारी पेन्सिल बोलते. मग तिने बदललं:

कोणाशी: माझ्याशीच.
कधी: मी परत शार्पनर हातात घेते तेव्हा.
कशासाठी: ती झिजली नाहीये, पडून तुटली होती, हे सांगायला.

बघा, आता पेन्सिलला घाई आहे. पातं लागायच्या आत तिला सांगून टाकायचंय. कवितेला जो ताण लागतो तो असा क्षणातून येतो, "अरेरे" आणि "हाय रे" लिहून येत नाही.

आधी बोलून घ्या, मग लिहा

सरळ कविता लिहायला बसलं की मुलं पुस्तकी होतात, "मज", "तव", "जीवन", "काया" असले शब्द यायला लागतात जे ती एरवी कधी बोलत नाहीत. म्हणून मी तिला पेन्सिल हातात धरून पेन्सिल म्हणून नुसतं बोलायला लावलं, आणि ती बोलली तसं तिनेच नंतर गद्यात लिहून काढलं. ते असं होतं:

"थांब ना, परत शार्पनर काढलास का, तुला वाटतं मी लिहून झिजले पण मी कुठे लिहिलं एवढं, तू तर आता पेननेच लिहितेस, मला फक्त नकाशा आणि त्रिकोण आणि समास आखायला घेतेस. त्या दिवशी मी बाकावरून पडले, तू उचललंस, फुंकर मारलीस, सगळीकडून बघितलंस, काही झालं नव्हतं बाहेरून, पण आत तुटले होते. मग टोक काढलं की पडायचं, काढलं की पडायचं, आणि तू मला फालतू म्हणालीस, मला खूप वाईट वाटलं."

यात कविता जवळजवळ सगळी आलीये. पेनने लिहायला लागल्यापासून पेन्सिलला फक्त रेघाच उरल्या, हे तिला मी सांगितलेलं नव्हतं, ते बोलता बोलता तिचं तिलाच सापडलं, आणि मला अजूनही वाटतं की त्या कवितेतली ती फार खरी जागा आहे. पहिली-दुसरीतल्या मुलाच्या पेन्सिलने शब्द लिहिलेले असतात, सातवीतल्या पेन्सिलने आकृत्या काढलेल्या असतात. त्यामुळे सातवीच्या मुलाने "मी तुला अ आ ई शिकवलं" लिहिलं की ते खोटं पडतं, ती पेन्सिल केव्हाच संपली.

यमक घ्यायचं की नाही

गृहपाठात यमकाची सक्ती नव्हती, तरी तिला वाटत होतं यमक नसेल तर मार्क कमी मिळतील. म्हणून आम्ही अष्टाक्षरीत करून पाहिलं. अष्टाक्षरी म्हणजे ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच मोजायचं, आणि चार अक्षरांनंतर छोटा थांबा घेता आला पाहिजे. बोटांवर मोजत मोजत हे तयार झालं:

बाकाखाली मी पडले
कुणा काही ना कळले
आत तीन तुकड्यांत
मन माझे विखुरले

मोजून बघा, प्रत्येक ओळ आठ, आणि बाकाखाली / मी पडले असा मधे थांबाही येतो. तुकड्यांत मधलं "ड्यां" जोडाक्षर असूनही एकच धरलंय. कानाला गोड आहे, गाताही येईल. पण शेवटच्या ओळीत काय झालं ते बघा. तुटली होती कांडी, आणि कवितेत तुटलं मन. अक्षरं आणि यमक जुळवायच्या नादात पेन्सिल हातातून गेली आणि तिच्या जागी दुसऱ्याच कुठल्यातरी दुःखी माणसाचं मन आलं. खडूची कसोटी लावली तर ही ओळ लगेच नापास.

माझं मत असं की ज्या मुलाला ताल पटकन सापडतो, ज्याने गाणी-श्लोक भरपूर म्हटलेत, त्याने जरूर अष्टाक्षरीत लिहावं, फक्त यमकासाठी वस्तू सोडायची नाही. बाकीच्यांनी मुक्तछंद घ्यावा. मुक्तछंदाला नियम नाही असं मुलांना वाटतं, पण एक नियम आहे, ओळ कुठे तोडायची याला कारण पाहिजे. तोडलेल्या जागी वाचणारा क्षणभर थांबतो, त्यामुळे जिथे थांबल्याने काहीतरी घडतं तिथेच तोडायचं.

एक उदाहरण देते. "आत मात्र तीन ठिकाणी तुटले होते" ही एका ओळीत लिहिली तर नुसती माहिती वाटते. "आत मात्र" एवढंच एका ओळीत ठेवलं तर वाचणारा थांबतो, आत काय, असं त्याला होतं, आणि मग खालची ओळ येते. भाचीने हे मोठ्याने दोन्ही प्रकारे वाचून पाहिलं आणि स्वतःच म्हणाली दुसरं चांगलंय.

कापाकापी, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

गद्यातून ओळी केल्या, अठ्ठावीस झाल्या. मग एकेक ओळ बघायची. यात आमचे चार निर्णय झाले ते सांगते कारण बहुतेकांचे हेच होतील.

पहिलं, "मला खूप वाईट वाटलं". हे काढलं. वाईट वाटलं हे पेन्सिलने सांगायची गरज नाही, तिला फालतू म्हटलं आणि ती उत्तर देऊ शकली नाही एवढं दाखवलं की वाचणाऱ्याला ते वाटतंच. मी विचारलं, पेन्सिल का नाही बोलली तेव्हा? भाची म्हणाली, तिला बोलता कुठे येतं, तिला फक्त लिहिता येतं. आणि मग जरा थांबून, "आणि ते पण मी लिहीन तेच." मी म्हटलं हे आत्ताच्या आत्ता लिहून ठेव. कवितेतल्या सगळ्यात चांगल्या दोन ओळी अशा आल्या, वाईट वाटलं ही ओळ काढल्यामुळे रिकामी झालेल्या जागेत.

दुसरं, "सगळीकडून बघितलंस". मी काही बोलायच्या आधीच तिने पकडलं, पेन्सिलला कसं कळलं मी बघतेय ते? मग ते "बोटांत गोल फिरवलंस" झालं. स्पर्शाने कळणारी गोष्ट.

तिसरं, शिसं म्हणजे शिसं नव्हे, ग्रॅफाइट वगैरे. तिला ते फार आवडलं होतं, तिने दोन ओळी लिहिल्याही होत्या. त्या काढायला लावल्या नाहीत, फक्त विचारलं की शार्पनर हातात असताना पेन्सिल हे सांगत बसेल का. तिने स्वतःच खोडलं. माहितीचा उपयोग झाला, ती नसती तर आतून तुटल्याची गोष्टच सापडली नसती, पण कवितेत ती दिसायलाच पाहिजे असं नाही.

चौथं आणि सगळ्यात अवघड, शेवट. तिचा शेवट होता, "म्हणून सांगते मुलांनो, वस्तू जपून वापरा". हा शेवट जवळजवळ प्रत्येक मुलाच्या कवितेत येतो कारण धड्याखाली तात्पर्य असतं ना, ती सवय. पण पेन्सिल इतका वेळ एकाच मुलीशी हळू आवाजात बोलत होती आणि शेवटी एकदम माइक हातात घेऊन सगळ्यांना उपदेश करायला लागली, सगळा आवाज फुटला. तसाच दुसरा ठरलेला शेवट म्हणजे "मी संपले तरी तुझ्या अक्षरांत राहीन". ऐकायला छान आहे, पण खरं बघितलं तर या पेन्सिलचं बरंचसं अंग शार्पनरच्या सालींत आणि भुग्यात गेलंय, वहीत फार थोडं उतरलंय. लाकूड तर सगळंच सालींत जातं. आणि आपली कविता नेमकं हेच म्हणतेय की ती लिहून झिजलेली नाही, मग शेवटी उलटं कसं म्हणणार.

मी तिला म्हटलं, शार्पनर अजून हातात आहे, आता पेन्सिलला काय पाहिजे? तिने खरोखर पेन्सिल शार्पनरमध्ये घातली, हळूच फिरवली, आणि या वेळी टोक पडलं नाही, तुटके तुकडे सगळे निघून गेले होते. तिने वर बघितलं आणि हसली. शेवट मिळाला.

तयार झालेली कविता

आतली गोष्ट

पुन्हा शार्पनर काढलास?
थांब जरा.

तुला वाटतं मी लिहून लिहून झिजले.
नाही गं.
लिहिलं ते थोडंच.
एक नकाशा, दोन त्रिकोण,
समासाच्या उभ्या रेघा.

त्या दिवशी बाकावरून घरंगळले.
तू उचललंस, फुंकर मारलीस,
बोटांत गोल फिरवलंस.
बाहेर ओरखडासुद्धा नव्हता.

आत मात्र
तीन ठिकाणी तुटले होते.

मग तू टोक काढायचीस
आणि टोक गळून पडायचं.
"फालतू आहे ही," म्हणालीस.
मला सांगता आलं नाही.
मला फक्त लिहिता येतं
आणि तेही तू लिहिशील तेच.

आता बोटाएवढी उरलेय.
शेवटचा तुटका तुकडा
काल पडला.
आज येईल ते टोक टिकेल.

हळू फिरव.

चोवीस ओळी झाल्या, मर्यादेत आहेत. खडूची कसोटी लावून बघा, पहिल्याच ओळीला अडते.

मोठ्यांनी मदत किती करायची

मी ठरवलं होतं की मी एकही ओळ देणार नाही, आणि पाळलं. पेन्सिल आत कशी तुटते ही माहिती दिली, आणि प्रश्न विचारले: मग काय झालं, तुला कसं कळलं, ती तेव्हा काय म्हणाली असती, तू एरवी असं बोलतेस का. "घरंगळले" हा शब्द तिचा, शार्पनर हा शब्दही तिचाच, काही घरांत गिरमिट म्हणतात, काही जण टोकयंत्र, मुलाच्या तोंडात जो आहे तोच ठेवावा. मोठ्याने घातलेला शब्द बाईंना लगेच ओळखू येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलालाही तो परका वाटतो, वर्गात वाचताना तो तिथेच अडखळतो.

आणि ही कविता जशीच्या तशी उतरवून देऊ नका, कारण तुमच्या मुलाच्या कंपासपेटीत वेगळी पेन्सिल आहे आणि तिची आतली गोष्ट वेगळी आहे. दोन्ही बाजूंनी टोक काढलेली असेल तर तिला मागची बाजूच नाही, तिला आडवं कुठे टेकायचं. नाव लिहायला मागे रंग खरवडलेली असेल, आणि ती आता दुसऱ्याच मुलाच्या पेटीत असेल, तर तिच्या अंगावर एकाचं नाव आहे आणि हात दुसऱ्याचा. खूप दाबून लिहिणारा मुलगा असेल तर खोडरबराने अक्षर जातं पण दाबाचा खळगा कागदावर राहतो, पान मागून चाचपलं तर बोटाला लागतो, म्हणजे खोडलेलं काय होतं ते पेन्सिलला माहीत आहे आणि ती ते सांगू शकते. यातली प्रत्येक एक पूर्ण कविता आहे. दोन गोष्टी एका कवितेत घेऊ नका.

उतरवताना आणि वाचताना

वहीत उतरवताना कडव्यांमधली मोकळी ओळ सोडायला विसरू नका, मुलं जागा वाचवायला सगळं चिकटवून लिहितात आणि मग थांबे हरवतात. शीर्षक "झिजलेली पेन्सिल" ठेवलं नाही कारण ते विषयातच दिलेलं होतं आणि कविता तर म्हणतेय मी झिजलेली नाहीच. "आतली गोष्ट" तिने शेवटी ठेवलं, सगळं लिहून झाल्यावर, शीर्षक तेव्हाच ठेवावं.

वर्गात मोठ्याने वाचायचं असेल तर घरी तीनदा वाचून घ्या. हातवारे नकोत, रडका आवाज नको, आपण शेजारच्या मैत्रिणीला कानात काहीतरी सांगतो तसा आवाज. "आत मात्र" नंतर एक श्वास. "काल पडला" ही ओळ साध्या सुरात, जोर न देता. आणि शेवटच्या दोन शब्दांच्या आधी जी मोकळी ओळ आहे तिथे मनात एक-दोन मोजायचं आणि मगच म्हणायचं, नाहीतर मागच्या ओळीच्या वेगात ते वाहून जातात आणि कुणाला ऐकूच येत नाहीत.